आठशे मीटरच्या अंतिम शर्यतीचे निवेदन: प्रकल्प नोंदी

४ फेब्रुवारी

माहितीपटातील आठशे मीटरच्या अंतिम शर्यतीचा भाग आज हाती आला. शर्यत कोठेही न कापता खऱ्या वेळेत दाखवायची, असे दिग्दर्शिकेने ठरवले असल्याने बंदुकीच्या आवाजापासून आपल्या धावपटूने अंतिम रेषा ओलांडेपर्यंत दोन मिनिटे दोन सेकंद मिळतात. या भागावर सध्या तात्पुरते निवेदन आहे. संकलनाला अंदाज यावा म्हणून कोणीतरी ते घाईने वाचून टाकले आहे आणि ते जवळजवळ अखंड चालते. "घंटा वाजली आहे, शेवटची फेरी सुरू झाली आहे, ती आता पाचव्या क्रमांकावर आहे, आणि पाहा, ती वेग वाढवते आहे, एकेकीला मागे टाकत पुढे सरसावते आहे," असा त्याचा सूर आहे. यातील घंटा ऐकू येते, शेवटची फेरी त्या घंटेवरूनच कळते आणि मागे टाकणे डोळ्यांना दिसते. थेट प्रक्षेपणात असे बोलणे खपते, कारण तेथे समालोचकाला पुढचे काहीच ठाऊक नसते आणि प्रेक्षक अधूनमधून पडद्याकडे पाठही फिरवतो. माहितीपटाच्या निवेदकाला मात्र निकाल आधीपासून माहीत असतो. एवढे माहीत असणारा माणूस केवळ दिसते तेच सांगत बसला, की तो काहीतरी दडवतो आहे किंवा त्याच्याकडे सांगण्यासारखे काही नाही, असे प्रेक्षकाला वाटू लागते.

निवेदन बंद करून भाग पुन्हा पाहिला. शर्यत समजते. फक्त कोणाकडे पाहायचे, हे बराच वेळ समजत नाही.

५ फेब्रुवारी

ॲथलेटिक्सशी संबंध नसलेल्या दोघांना हा भाग निवेदनाविना दाखवला आणि त्यांना पडलेले प्रश्न लिहून घेतले. सुरुवातीला सगळ्या मागेपुढे का उभ्या आहेत? पहिल्या वळणानंतर सगळ्या आतल्या बाजूला का घुसतात? आपली धावपटू कोणती? आणि शेवटच्या वळणावर ती पुढच्या दोघींच्या मागे नुसती का धावत राहते, बाहेरून पुढे का जात नाही? घंटा, क्रमांक किंवा वेग यांबद्दल दोघांपैकी एकानेही काही विचारले नाही. तात्पुरत्या निवेदनाने मात्र नेमक्या याच गोष्टी सांगितल्या आहेत आणि विचारलेल्या चार प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर दिलेले नाही.

तिसऱ्या प्रश्नावर थोडे थांबावेसे वाटते. तिचा हिरवा बनियन चित्रात आहे, म्हणजे तो सांगणे हे उघड गोष्ट सांगणे ठरेल, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु दुरून घेतलेल्या शॉटमध्ये आठ जणी एकाच वेळी हलत असताना हिरवा बनियन चित्रात असूनही नजरेला सापडत नाही. एखादी गोष्ट चित्रात आहे की नाही यापेक्षा ती नजरेला आपोआप सापडते की नाही, ही कसोटी मला अधिक उपयोगाची वाटते. सापडत नसेल तर ती एकदा सांगावी, शर्यत सुरू होण्यापूर्वीच सांगावी आणि नंतर त्या बनियनचा उल्लेखही करू नये.

७ फेब्रुवारी

संकलकाने आज प्रत्येक दोनशे मीटरचे वेळ काढून दिले. चित्रण सेकंदाला २५ फ्रेमचे असल्याने एक फ्रेम ०.०४ सेकंदाची होते, आणि धावपट्टीवरील खुणा बहुतेक शॉटमध्ये दिसत असल्याने आमच्या कामापुरती ही मोजणी विश्वासार्ह आहे. आपल्या धावपटूचे चार टप्पे २८.९, ३०.९, ३०.८ आणि ३१.६ सेकंदांचे आहेत. सहाशे मीटरपर्यंत पुढे असलेल्या धावपटूचे २८.२, ३०.३, ३१.४ आणि ३३.१. म्हणजे सहाशे मीटरला आपली धावपटू ०.७ सेकंद मागे होती आणि शेवटी ०.८ सेकंदाने पुढे राहिली.

हे आकडे समोर आल्यावर तात्पुरत्या निवेदनातील "ती वेग वाढवते आहे" हे वाक्य निव्वळ अनावश्यक राहत नाही, ते चुकीचे ठरते. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये ती आधीच्या दोनशेपेक्षा ०.८ सेकंद हळू धावली आहे. पुढची धावपटू मात्र १.७ सेकंदांनी मंदावली. जिंकणारी कमी मंदावली, एवढेच तेथे घडले. संकलकाकडून इतर सहा जणींचेही शेवटचे दोन टप्पे काढून घेतले, तेव्हा एकीनेही शेवटचे दोनशे मीटर आधीच्या दोनशेपेक्षा वेगाने कापलेले नाहीत, हे स्पष्ट झाले.

दिग्दर्शिकेला हे पटायला थोडा वेळ लागला, कारण डोळ्यांना ती झेपावताना स्पष्ट दिसते. असे दिसण्याचे कारण कॅमेऱ्यात आहे. कॅमेरा धावपटूंबरोबर फिरतो, मागची गर्दी धूसर असते आणि वेग जोखायला नजरेपाशी शेजारच्या धावपटूंखेरीज दुसरे काहीच उरत नाही. शेजारची जास्त मंदावली, की कमी मंदावलेली वेगात आल्यासारखी वाटते. जोराने सुरू झालेल्या आठशे मीटरमध्ये हे नेहमीचेच आहे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये डेव्हिड रुडिशाने १:४०.९१ असा जागतिक विक्रम केला, त्यातही पहिली फेरी ४९.२८ सेकंदांची आणि दुसरी ५१.६३ सेकंदांची होती. हा दाखला दिल्यावर चर्चा संपली. तो निवेदनात मात्र घेणार नाही, कारण दुसऱ्याच्या शर्यतीची आठवण काढताच प्रेक्षक या शर्यतीतून बाहेर जाईल.

या भागात सांगण्यासारखी मुख्य गोष्ट आज सापडली. डोळ्यांना वेग वाढताना दिसतो आणि प्रत्यक्षात तो कमी होत असतो. चित्र ही गोष्ट स्वतःहून कधीच सांगू शकणार नाही, तेथे आवाजच हवा.

१० फेब्रुवारी

आजचा दिवस जागा शोधण्यात गेला. आमच्या निवेदिकेचे सावकाश वाचन मिनिटाला सुमारे १२० शब्दांचे, म्हणजे सेकंदाला दोन शब्दांचे आहे. शर्यतीच्या भागात श्वासाला जागा ठेवायची असल्याने मी सेकंदाला दोनपेक्षा थोडे कमीच धरले. सगळी वेळ भरायची म्हटली तर सव्वादोनशे शब्द सहज बसतील. मात्र पत्र्यावर पाऊस पडावा तसे शब्द सतत पडत राहिले, की त्यातला एकही ऐकू येत नाही. त्यामुळे हिशेब उलट्या दिशेने केला. जेथे बोलायचेच नाही त्या जागा आधी टाइमकोडसह बाजूला काढल्या आणि उरलेल्या जागा निवेदनाला दिल्या.

बंदुकीपूर्वीची शांतता कोणीही मोडायची नाही. पहिले वळण संपून लेन सुटतात तो क्षण, साधारण १६ व्या सेकंदाचा, तोही मोकळा ठेवायचा, कारण आठ जणींच्या खिळ्यांच्या बुटांचा आवाज तेथे एकत्र येतो. त्यापूर्वी प्रत्येकीची पावले वेगवेगळी ऐकू येतात, त्यानंतर तो एक गोंगाट होतो. घंटा ५८.५ व्या सेकंदाला, आघाडीची धावपटू रेषेवर येताच वाजू लागते आणि शेवटची धावपटू जाईपर्यंत वाजत राहते. तिच्या आधीचे पाच सेकंद आणि नंतरचे संपूर्ण वळण मोकळे. सहाशे मीटरपासून अंतिम रेषेपर्यंतचे एकतीस-बत्तीस सेकंद तर पूर्ण मोकळे.

शेवटच्या या जागेला दिग्दर्शिकेचा विरोध आहे. सर्वात उत्कंठेच्या क्षणी निवेदन गप्प राहिले, तर प्रेक्षकाला ते हरवल्यासारखे वाटेल, असे तिचे म्हणणे आहे. माझ्या मते प्रेक्षकाला जे कळायला हवे ते आधीच कळलेले असेल, तर त्याला तेथे कोणाची सोबत लागत नाही. हा वाद आज सुटला नाही. प्रत्यक्ष ऐकूनच तो सोडवायचा असे ठरले.

निवेदनाची लय पावलांच्या लयीशी जुळवावी, अशी एक सूचनाही आली होती. धावपटूंची पावले सेकंदाला तीनहून अधिक पडतात. माणसाचे बोलणे त्या गतीला जुळवायचे म्हटले, की ते धापा टाकल्यासारखे होते. लय जुळवायची ती शर्यतीच्या टप्प्यांशी. वळण, सरळ भाग, पुन्हा वळण, पुन्हा सरळ भाग, हे प्रत्येकी साधारण पंधरा सेकंदांचे तुकडे आहेत आणि प्रत्येक तुकड्याला स्वतःचा ताण आहे. वळणावर क्रम फारसे बदलत नाहीत, सरळ भागात बदलतात. म्हणून बोलायचे ते शक्यतो जेथे क्रम स्थिर आहे तेथे.

१२ फेब्रुवारी

वाक्यरचनेवर काम केले. मराठी वाक्याचे क्रियापद शेवटी येते आणि तोपर्यंत ऐकणारा अर्थासाठी थांबून राहतो. वेगवान चित्रावर याचा त्रास होतो. "पहिल्या फेरीत आघाडीवर असलेली धावपटू ही चाल पुढे टिकवू शकेल असे कोणालाही वाटत नव्हते" यासारखे वाक्य सुरू होते तेव्हा पडद्यावर एक शॉट असतो आणि "नव्हते" येते तेव्हा दुसरा. अर्थ ज्या चित्राचा, त्या चित्रावर तो पडतच नाही. यावर दोन उपाय आहेत. एक, वाक्य इतके आधी सुरू करायचे की क्रियापद कटच्या आधी संपेल. दोन, जेथे अर्थ पुरेसा स्पष्ट आहे तेथे क्रियापद गाळायचे. दुसरा उपाय सोपा आहे म्हणून त्याचा अतिरेक होतो. तीन-चार वाक्ये सलग क्रियापदाविना आली, की निवेदन जाहिरातीसारखे वाटू लागते. तो उपाय या संपूर्ण भागात मी दोनच ठिकाणी वापरला आहे.

तात्पुरत्या निवेदनात ४५ व्या सेकंदाला इतिहासाचे एक वाक्य आहे: महिलांची आठशे मीटर शर्यत १९२८ मध्ये ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये प्रथम झाली आणि त्यानंतर थेट १९६० मध्ये रोमला परतली. माहिती अचूक आहे आणि माहितीपटात ती असायलाच हवी. मात्र आघाडीची धावपटू घंटेकडे निघालेली असताना प्रेक्षकाला बत्तीस वर्षांचा हिशेब करायला लावणे म्हणजे त्याच्या डोळ्यांवर हात ठेवणे होय. ते वाक्य सरावाच्या भागात, ती एकटी फेऱ्या मारते तेथे हलवले. तेथे चित्र संथ आहे आणि माहितीला पुरेशी जागा आहे.

१५ फेब्रुवारी

चार तुकड्यांचा मसुदा तयार झाला. प्रत्येक तुकडा कोठे आणि का, हे येथे नोंदवून ठेवतो.

पहिला तुकडा बंदुकीपूर्वी, लेनची ओळख चालू असताना: "सहावी लेन, हिरवा बनियन. इतरांच्या पुढे उभी दिसते, पण पुढे नाही. बाहेरच्या लेनचं वळण मोठं असतं." यात पहिल्या प्रश्नाचे आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आले. सगळ्या आत का घुसतात, या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वेगळे देत नाही, कारण बाहेरचे वळण मोठे हे एकदा कळले, की आत येण्याचे कारण प्रेक्षक स्वतः लावतो. स्वतः लावलेले कारण त्याच्या अधिक लक्षात राहते.

दुसरा तुकडा ३१ ते ३८ सेकंदांत, पहिल्या फेरीच्या दुसऱ्या वळणावर: "वळणावर कुणाच्या बाहेरून धावायचं, तर एका वळणाला जवळजवळ चार मीटर जास्त. लेन सुटल्यावर कुठलंही वळण त्याला अपवाद नाही." लेनची रुंदी १.२२ मीटर असते. अर्धवर्तुळावर एक लेन बाहेरून धावल्यास ३.८ मीटरच्या आसपास अंतर वाढते, त्यामुळे "जवळजवळ चार" हे म्हणणे योग्य आहे. या क्षणी प्रेक्षकाला या माहितीचा काही उपयोग नाही आणि येथे काही घडतही नाही. तिचा उपयोग साठ सेकंदांनंतर, शेवटच्या वळणावर होतो. तेथे ती दोघींच्या मागे कोंडल्यासारखी धावते, बाहेर पडत नाही, आणि ती का थांबली आहे हे प्रेक्षकाला निवेदकाने न सांगता कळलेले असते. हेच वाक्य शेवटच्या वळणावर टाकले असते तर ते स्पष्टीकरण झाले असते आणि ताण गेला असता.

तिसरा तुकडा ४६ ते ५२ सेकंदांत, घंटेच्या आधीच्या सरळ भागात: "ही चाल दोन फेऱ्या टिकवणं या आठ जणींपैकी कुणालाही आजवर जमलेलं नाही." आघाडीची पहिली फेरी ५८.५ ची आहे. दुपटीने १:५७ होतात. आठही जणींच्या सर्वोत्तम वेळा स्पर्धेच्या अधिकृत यादीतून तपासल्या, एकीचीही १:५७ च्या आत नाही. वाक्यात आकडा घेतलेला नाही, कारण आकडा ऐकला की प्रेक्षक गणित करू लागतो. वाक्य संपल्यावर तो आघाडीवरच्या धावपटूकडे निराळ्या नजरेने पाहतो. घंटा त्यानंतर वाजते.

चौथा तुकडा १:१७ ते १:२४ मध्ये, पाठीमागच्या सरळ भागात: "यापुढे कुणाचाच वेग वाढत नाही. कुणाचा किती कमी होतो, एवढंच."

येथे दिग्दर्शिकेने चांगला प्रश्न विचारला. "यातून निकाल फुटत नाही का?" निकाल फुटत नाही, निकालाची अट फुटते. कोण जिंकणार हे कळत नाही, कशावरून जिंकणार ते कळते, आणि त्यामुळे शेवटच्या अर्ध्या मिनिटात प्रेक्षक कोण झेपावते हे न पाहता कोण ढेपाळते हे पाहू लागतो. "वाढणार नाही" असे भविष्यकाळी रूपही आम्ही बोलून पाहिले. त्याने निवेदक भाकीत करतो आहे असे वाटते आणि भाकीत करणाऱ्याला शेवट ठाऊक आहे याची आठवण होते. वर्तमानकाळ ठेवला.

१८ फेब्रुवारी

सहाशे मीटरनंतरचा शॉट समोरून, दूरच्या लेन्सने घेतलेला आहे. ही लेन्स अंतर दाबते. ०.७ सेकंद म्हणजे त्या वेगाला सुमारे साडेचार मीटर, पण पडद्यावर ती पुढच्या धावपटूच्या खांद्याला लागलेली दिसते. म्हणजे ती किती मागे आहे हे चित्रात असूनही दिसत नाही. माझ्या कसोटीप्रमाणे ते सांगायला हरकत नव्हती, आणि "चार मीटर मागे" असे तीन शब्द मी त्या जागी लिहूनही पाहिले. वाचताना ते ठसठशीत वाटतात. तरीही ते काढून टाकले, कारण ज्या जागी आपण गप्प राहायचे ठरवले आहे तेथे एकदा तोंड उघडले, की प्रेक्षक पुढच्या शब्दाची वाट पाहू लागतो आणि उरलेली शांतता अपुरी वाटते. त्याऐवजी संकलकाला बाजूच्या कॅमेऱ्याचा शॉट मागितला. त्याने समोरच्या शॉटपूर्वी सुमारे दोन सेकंद तो बसवला. त्यात दोघींमधील अंतर उघड दिसते. निवेदनाची अडचण निवेदनानेच सोडवायला हवी असे नाही.

याच बैठकीत हेच निवेदन दृष्टिहीन प्रेक्षकांसाठीही चालेल का, अशी विचारणा झाली. चालणार नाही. त्यांच्यासाठीच्या श्राव्य वर्णनात क्रम, अंतर, हालचाल हे सगळे सांगावेच लागते, म्हणजे येथे जे गाळायचे तेच तेथे मुख्य असते. तो वेगळा मसुदा, वेगळ्या ध्वनिपट्टीवर करावा असे कळवले.

२१ फेब्रुवारी

रेकॉर्डिंग झाले. निवेदिकेने चित्र पाहत वाचले तेव्हा तिसऱ्या तुकड्यापासून आवाज चढत गेला आणि चौथा तुकडा जवळजवळ समालोचनासारखा आला. शर्यत पाहताना असे होणे स्वाभाविक आहे. चित्र बंद करून, केवळ वेळेच्या खुणेवर वाचायला सांगितले, तर आवाज सपाट झाला. शेवटी चित्र चालू ठेवून त्याचा ध्वनी तिच्या कानातून काढला. गर्दीचा आवाज नसला की आवाज चढवण्याची गरज भासत नाही, आणि चित्र समोर असल्याने थांबण्याच्या जागा बरोबर पडतात. चौथ्या तुकड्यातील दोन वाक्यांमध्ये दीड सेकंदाचा विराम आहे. दुसरे वाक्य कट पडल्यानंतरच सुरू व्हायला हवे, आणि "एवढंच" हा शब्द खाली उतरत संपायला हवा. तो वर गेला तर ऐकणारा पुढच्या वाक्याची अपेक्षा ठेवतो, आणि पुढे तर अडतीस सेकंद कोणीही बोलणार नाही.

दुसऱ्या तुकड्यातील "लेन सुटल्यावर कुठलंही वळण त्याला अपवाद नाही" हे वाक्य वाचताना जड वाटले. वर्गात शिकवल्यासारखा सूर आला. ते काढले आणि त्या जागी "ती आतच राहते" एवढे ठेवले. हे चित्रात दिसते, हे खरे. परंतु आत राहणे हा तिने घेतलेला निर्णय आहे, हे पहिल्या वाक्यानंतरच कळते.

२४ फेब्रुवारी

मिक्सिंगमध्ये नवी अडचण आली. निवेदन सुरू झाले की मागचा आवाज आपोआप खाली जाईल, अशी मांडणी ध्वनि-संयोजकाने केली होती. त्यामुळे प्रत्येक तुकड्याला प्रेक्षागृहातील गोंगाट दबतो आणि तुकडा संपताच उसळतो. गर्दीने निवेदिकेसाठी तोंड मिटले, असा भास होतो. तात्पुरत्या निवेदनात हे जाणवत नव्हते, कारण ते कधी थांबतच नव्हते. आता आपोआपची मांडणी काढून गर्दीचा आवाज हाताने, प्रत्येक तुकड्याच्या दोन सेकंद आधीपासून हळूहळू खाली घेतला आणि नंतर तीन सेकंदांत वर नेला. चौथ्या तुकड्यानंतर तर तो सहाशे मीटरच्या खुणेपर्यंत सावकाश वर येतो. शेवटच्या अर्ध्या मिनिटाच्या शांततेबद्दलचा वादही येथेच मिटला. आवाजाची ही चढण ऐकल्यावर दिग्दर्शिकेने तेथे काही टाकण्याचा आग्रह सोडला.

२७ फेब्रुवारी

उपांत्य फेरीच्या भागाला सुरुवात केली. माहितीपटात ती अंतिम शर्यतीच्या आधी येते. येथील आकडे अगदी वेगळे आहेत. सगळ्या एकमेकींना जोखत धावल्याने पहिली फेरी ६४.२ सेकंदांची झाली, दुसरी ६०.९ ची, आणि आपल्या धावपटूचे शेवटचे दोनशे मीटर २९.६ सेकंदांत, म्हणजे चारही टप्प्यांतील सर्वात वेगाने कापले गेले. येथे वेग खरोखरच वाढतो, त्यामुळे अंतिम शर्यतीचा चौथा तुकडा या शर्यतीवर असत्य ठरेल. संथ सुरू झालेली आणि जोराने सुरू झालेली आठशे मीटर शर्यत शेवटच्या सरळ भागात पडद्यावर सारखीच दिसते, आतून मात्र दोन्ही उलट असतात.

यामुळे एक गोष्ट सोयीची झाली. उपांत्य फेरीत तिची झेप पाहिलेला प्रेक्षक अंतिम शर्यतीतही तिची वाट पाहील, आणि चौथा तुकडा त्याची ती अपेक्षाच काढून घेईल. म्हणून उपांत्य फेरीत झेपेबद्दल एक शब्दही बोलायचा नाही, ती नुसती दिसू द्यायची. बोलायचे ते पहिल्या फेरीबद्दल, कारण चाल इतकी संथ असताना आघाडी घ्यायला कोणीच का तयार नाही, हा प्रश्न येथे चित्राने न सुटणारा आहे. आघाडीवरची धावपटू वारा अंगावर घेते आणि मागच्यांना तिच्या आडोशाने धावता येते, एवढे २०० ते ३०० मीटरच्या वळणावर सांगता येईल. तेथे चौदा-पंधरा सेकंद क्रम बदलत नाही. संकलकाकडून या भागाचे टाइमकोड सोमवारी येतील.